टॅबवरचा फळा: लेखणी आणि आवाज एकाच व्हिडिओत

कोऱ्या पानावर अक्षरं उमटत जातात आणि मागून आवाज येतो. शिकवणारा दिसत नाही, त्याचा हातही दिसत नाही. साल खान यांनी २००४ मध्ये नात्यातल्या, दूरच्या शहरात राहणाऱ्या एका मुलीला गणित शिकवायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये असे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. पुढे तीच खान अकॅडमीची ओळख ठरली. एडएक्सवरच्या व्हिडिओंचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की नुसत्या स्लाइडपेक्षा असे लिहीत शिकवलेले धडे विद्यार्थी जास्त वेळ पाहतात, आणि व्हिडिओ ६ मिनिटांच्या आतला असला तर त्यांचं लक्ष चांगलं टिकतं.

खान यांना त्यासाठी संगणक आणि त्याला जोडलेली लिहिण्याची पाटी लागत असे. आज ते काम एक टॅब आणि त्याची लेखणी करते. तरीही अनेक शिक्षकांचा पहिला व्हिडिओ मुका निघतो, किंवा आवाज येतो पण अक्षर वाचता येत नाही. कारणं ठरावीक आहेत.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. सॅमसंग नोट्ससारख्या लिहिण्याच्या ॲपमध्येही आवाज नोंदवायची सोय असते, पण त्यातून व्हिडिओ तयार होत नाही. लेखन आणि आवाज यांची ती जोडी त्या ॲपमध्येच नीट चालते. विद्यार्थ्याच्या साध्या फोनवर धडा चालायला हवा असेल, तर स्क्रीन रेकॉर्डर वापरावा. पडद्यावर दिसणारं सगळं आणि माइकमधला आवाज तो एकाच व्हिडिओ फाइलमध्ये साठवतो. अँड्रॉइड ११ पासून तो वरून खाली ओढायच्या झटपट बटणांमध्ये मिळतो, आयपॅडवर कंट्रोल सेंटरमध्ये.

मुका व्हिडिओ होतो तो इथेच. रेकॉर्डर सुरू झाला म्हणजे माइकही सुरू झाला, असं नाही. आयपॅडवर रेकॉर्डिंगचं गोल बटण नुसतं न दाबता दाबून धरावं लागतं, मग माइक चालू करायचा पर्याय दिसतो. अँड्रॉइडवर सुरुवातीला आवाजाबद्दल विचारलं जातं. तिथे फक्त टॅबमधला आवाज निवडला, तर तुमचं बोलणं येणार नाही; माइक असलेला पर्याय निवडायला हवा. ॲपमधलं आवाजाचं रेकॉर्डिंगही त्याच वेळी चालू ठेवू नये. अँड्रॉइडवर एकच माइक दोघांनी मागितला, तर एकाच्या वाट्याला शांतता येऊ शकते. फोन आला तरी तोच धोका, म्हणून सुरू करण्यापूर्वी टॅब फ्लाइट मोडवर टाकावा. सूचनांचे चौकोन आणि घरगुती मेसेजही मग धड्यात डोकावत नाहीत.

आवाज आला तरी त्यात टकटक येते. टॅबचा माइक त्याच्याच अंगात असतो आणि लेखणीचं टोक त्याच अंगावर आपटतं. शिक्षकाचं तोंड हातभर लांब असतं, टोक वीतभर अंतरावर. माइकला टकटक जवळची. मोठ्याने बोलून हे सुटत नाही, माइकच टॅबपासून वेगळा करावा लागतो. कॉलरला लावायचा वायरचा माइक किंवा माइक असलेला साधा वायरचा इअरफोन पुरतो. ब्लूटूथचा इअरफोन शक्यतो टाळावा, कारण त्याच्या माइकचा आवाज बहुतेकदा फोनवरच्या बोलण्यासारखा दबका येतो, आणि सगळेच रेकॉर्डर तो घेत नाहीत.

आता अक्षराचा आकार. १०.४ इंची टॅब आडवा धरला, तर पडद्याची उंची साधारण साडेतेरा सेंटिमीटर भरते. विद्यार्थ्याचा ६.५ इंची फोन आडवा धरला, तर ती पावणेसात. म्हणजे तुमचं अक्षर थेट निम्मं होतं. आणि पोरं फोन आडवा धरतातच असं नाही. उभ्या फोनवर तोच व्हिडिओ टॅबवरच्या जेमतेम तीस टक्के उरतो. १ सेंटिमीटरचं अक्षर ३ मिलिमीटरचं होतं. म्हणून टॅबवर १ सेंटिमीटरपेक्षा लहान लिहू नये, रेघ जाड ठेवावी, आणि वेलांट्या-उकार एकमेकांत अडकणार नाहीत इतकी जागा ओळींमध्ये सोडावी. एका पानावर पाच-सहा ओळीच बसतील. तेवढ्या पुरे.

दहावीच्या वर्गसमीकरणाचं एक गणित घेऊ: x² − 15x + 54 = 0. वर्गात शिक्षक फळ्यावर बोट ठेवून म्हणतात, “हे बघा, इथे ५४ आहे.” टॅबवर बोट ठेवलं, तरी ते व्हिडिओत येत नाही. ऐकणाऱ्याला ‘हे’ म्हणजे कोणतं, ते कळत नाही. म्हणून बोटाचं काम रंगाने करावं. समीकरण काळ्या रंगात लिहावं. “गुणाकार ५४ हवा” म्हणताना 54 खाली लाल रेघ मारावी, “आणि बेरीज उणे १५” म्हणताना −15 भोवती लाल गोल करावा. मग बाजूला −9 आणि −6 लिहून दोन्ही अटी तपासाव्यात: गुणाकार 54, बेरीज −15. त्यानंतर (x − 9)(x − 6) = 0 ही ओळ लिहावी आणि शेवटी x = 9 किंवा x = 6.

यात बोलणं आणि लिहिणं एकत्र चालायला हवं. आधी पूर्ण ओळ लिहून मग ती समजावली, तर पाहणारा ती वाचून मोकळा होतो आणि तुमचं ऐकत नाही. उलट आधी सगळं बोलून मग लिहिलं, तर मधल्या वेळात तो कोऱ्या पानाकडे बघत राहतो. लांब समीकरण मात्र आधीच लिहून ठेवावं. ते उतरवण्यात शिकण्यासारखं काही नसतं.

चूक झाली तर रेकॉर्डिंग थांबवू नये. क्षणभर गप्प बसावं, चुकीची खूण खोडावी आणि ते वाक्य पुन्हा म्हणावं. नंतर कापायचंच असेल, तर टॅबच्या गॅलरीत सुरुवात आणि शेवट तेवढा छाटावा. स्क्रीन रेकॉर्डर अनेकदा सेकंदाला सारखीच चित्रं साठवत नाही. पडदा स्थिर असला की कमी साठवतो. संपादनाच्या काही सॉफ्टवेअरना ते झेपत नाही, आणि शेवटाकडे आवाज पुढे, लेखणी मागे असं होऊ लागतं. एक गणित, एक व्हिडिओ असं ठेवलं तर हा प्रश्न फारसा येत नाही.

पाठवतानाही एक खाच आहे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला, तर तो दाबून लहान केला जातो आणि बारीक रेघांच्या कडा विटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. मात्र ती तेवढाच डेटा खाते. म्हणून मिनिटभराची चाचणी करून फाइलचा आकार बघावा. मिनिटाला ६० एमबी होत असेल, तर ६ मिनिटांना ३६० एमबी. पोरांच्या रोजच्या डेटासाठी हे जास्त आहे. मग रेकॉर्डरमध्ये १०८० ऐवजी ७२० निवडावं. अक्षर मोठं आणि रेघ जाड असेल, तर वाचायला अडत नाही.

तीच मिनिटभराची चाचणी स्वतःच्या फोनवर, उभा धरून, एकदा पाहावी आणि ऐकावी. माइक, टकटक, अक्षराचा आकार, तिन्ही गोष्टी तिथेच कळतात. पूर्ण धडा त्यानंतरच रेकॉर्ड करावा.