गणपतीची रजा नाकारताना

कोकणात घर असलेल्या माणसाने गणपतीची रजा मागितली, की उत्तर द्यायला मॅनेजरकडे किती दिवस आहेत हे रेल्वे ठरवते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे १२ तारखेच्या गाडीसाठी चाकरमानी जुलैच्या मध्यातच तिकिटाच्या मागे लागणार. रजा कापायची किंवा पुढे ढकलायची असेल, तर तसे उत्तर त्याआधी हातात पडायला हवे. तिकीट काढून झाल्यावर, ऑगस्टअखेरीस आलेल्या नकारात शब्द कितीही मऊ असले तरी घरच्यांच्या ठरलेल्या बेतावर पाणी पडतेच.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यातल्या एका मध्यम कंपनीच्या हिशेब विभागात चार माणसे आहेत. त्यातल्या एकाने जुलैच्या सुरुवातीला १२ ते २५ सप्टेंबर, म्हणजे थेट अनंत चतुर्दशीपर्यंत रजा मागितली. टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा आहे. ऑडिटर २१ तारखेपासून कार्यालयात बसणार आहेत आणि पुरवठादारांची खाती हाच माणूस सांभाळतो. मॅनेजरची अडचण खरी आहे. पण बहुतेक ठिकाणी उत्तर जाते ते असे: ‘कामाच्या निकडीमुळे आपली रजा मंजूर करता येत नाही.’

या वाक्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. निकड कुठली, ती कधी संपणार, अर्धी रजा मिळेल का, पुन्हा कधी विचारायचे? उत्तरे न मिळाल्यामुळे तो स्वतःच तर्क करतो, आणि तो बहुधा ‘साहेबांचा माझ्यावर राग आहे’ इथे येऊन थांबतो. त्याऐवजी असे लिहिता येईल:

‘तुमचा १२ ते २५ सप्टेंबरच्या रजेचा अर्ज मिळाला. १२ ते २० ही रजा मंजूर आहे. २१ ते २५ मात्र आत्ता देता येत नाही. ऑडिटर २१ तारखेला येत आहेत, अहवाल ३० तारखेपर्यंत भरायचा आहे आणि पुरवठादारांच्या खात्यांवरच्या प्रश्नांची उत्तरे सध्या फक्त तुम्हीच देऊ शकता. दोन मार्ग सुचवतो. एक, उरलेले पाच दिवस १ ते १८ ऑक्टोबरमध्ये कधीही सलग घ्या. ते मी आजच मंजूर धरतो. दुसरा, ही खाती आणि बँक रिकन्सिलिएशन १० सप्टेंबरपर्यंत पूर्ण करून सहकाऱ्याला समजावून दिलीत, तर पूर्ण रजा घ्या. त्यासाठी ऑगस्टमध्ये तुमचे बिलिंगचे काम मी दुसऱ्याकडे देतो. तिकिटे काढण्यापूर्वी, ९ जुलैपर्यंत कळवा. यापेक्षा वेगळे काही सुचत असेल तर बोलू.’

मंजूर झालेले आधी आले, हे महत्त्वाचे. नाकारले ते मोजक्या दिवसांपुरते आणि तारखांसह. दुसऱ्या मार्गात मॅनेजर स्वतःवरही भार घेतो. नाहीतर ‘काम संपवून जा’ हा पर्याय नुसता कागदावरच राहतो. गावाहून लॅपटॉपवर काम करा, असे मुद्दाम सुचवलेले नाही. आरतीच्या वेळी फोन घेणारा माणूस ना रजेवर असतो ना कामावर, आणि वाडीवर नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते.

कारण खरे आहे का, हे तपासायची माझ्या मते एक चांगली कसोटी आहे: तारीख बदलली तर ते कारण उरते का? ऑडिट ऑक्टोबरात उरत नाही. पण ‘माणसे कमी आहेत’ हे बाराही महिने खरे असेल, तर तो भरतीचा प्रश्न आहे आणि त्याची किंमत रजा मागणाऱ्याने मोजू नये. पत्रात आणखी एक गोष्ट येता कामा नये, ती म्हणजे सहकाऱ्याची खासगी माहिती. ‘त्याच आठवड्यात दुसरी रजा आधी मंजूर झाली आहे’ एवढे पुरे. ती कुणाच्या आईच्या ऑपरेशनसाठी आहे हे सांगायचे नसते. आजारपण, घरातला मृत्यू किंवा बाळंतपण या रजांना तर हा साचा लावायचाच नाही.

नकार लेखी देण्यामागे कायद्याचेही कारण आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानुसार, वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. १५ दिवस आधी मागितलेली देय रजा मालकाने नाकारली, तर ४५च्या वर गेलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. अर्ज कधी आला, कुठले दिवस नाकारले आणि ते पुढे कधी दिले, हे त्याच पत्रावरून रजेच्या नोंदवहीत चढवावे. ऑक्टोबरचे ते पाच दिवसही तेव्हाच विभागाच्या कॅलेंडरवर टाकावेत, म्हणजे त्या आठवड्यात दुसरे काम लावले जाणार नाही.