विश्लेषण : ‘रात्री बोलायचंय’ एवढाच मेसेज का पुरत नाही?

जोडीदाराशी गंभीर विषयावर बोलायचे असेल तर आधी मेसेज करून वेळ ठरवावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. समोरचा बेसावध असताना विषय अंगावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. मात्र मेसेज अर्धवट असेल तर नेमके उलटे घडते. वसई पूर्वेच्या वालीवसारख्या औद्योगिक पट्ट्यात पती-पत्नी दोघेही दिवसभर बाहेर असतात. एक पाळीवर, दुसरा लोकलमध्ये. तिथे अशा मेसेजमध्ये काय असावे आणि तो कधी पाठवावा, याचा हा आढावा.

प्रसंग कसा उद्भवतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पती वालीवमधील प्लास्टिकच्या गाळ्यात मशीन ऑपरेटर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. पत्नी अंधेरीला कार्यालयात जाते. पुढच्या महिन्यात दोघे घरासाठी कर्जाचा अर्ज करणार आहेत. दुपारी सासूबाई एका पत्राचा फोटो तिला पाठवतात. पत्र सहकारी बँकेचे आहे. पतीच्या मित्राने दोन लाखांचे कर्ज घेतले होते, त्याचे चार हप्ते थकले आहेत आणि पती त्या कर्जाला जामीनदार आहे. पंधरा दिवसांत रक्कम भरा, असे पत्रात लिहिले आहे. जामीन राहिल्याचे पतीने घरी कधी सांगितलेले नाही.

विषय खरोखर गंभीर आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. शिवाय थकलेल्या कर्जाची नोंद जामीनदाराच्या पत-अहवालातही दिसू शकते आणि घराच्या कर्जाला अडथळा येऊ शकतो. म्हणजे विषय टाळता येणार नाही. प्रश्न तो कसा काढायचा, एवढाच आहे.

अर्धवट मेसेजने काय बिघडते?

अशा वेळी हात पटकन जातो तो ‘घरी या, मग बोलायचंय’ या वाक्याकडे. पती ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचतो. आईला काही झाले का, मुलीच्या शाळेतून तक्रार आली का, की पत्नीच्या मनात काही आहे? पुढचे सहा-सात तास तो अंदाज बांधत राहतो, तेही चालू मशीनसमोर.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. त्यांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचे आणि साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसायचा. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण होता, त्यापेक्षा जास्त ताण तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आढळला. विषय न सांगता पाठवलेला मेसेज नेमकी हीच अवस्था निर्माण करतो. वाईट बातमी कळलेली नसते आणि ती नाही असेही म्हणता येत नाही.

याचा परिणाम घरी दिसतो. पती मध्येच आईला फोन करतो, अर्धी माहिती मिळते आणि तो उत्तरे तयार करूनच दारात येतो. किंवा मित्रांबरोबर थांबून उशिरा येतो. दोन्ही वेळा बोलणे सुरू होण्याआधीच बिनसलेले असते.

मग मेसेजमध्ये काय असावे?

चार गोष्टी पुरतात : विषय कोणता, काय घडलेले नाही, बोलण्यातून काय हवे आहे आणि वेळ कोणती. वरच्या प्रसंगात मेसेज असा होऊ शकतो :

‘अहो, आज बँकेचं पत्र आलंय. तुम्ही जामीन आहात त्या कर्जाचं. घरी सगळे ठीक आहेत. हे कसं झालं ते मला समजून घ्यायचंय, आणि घराच्या कर्जाचा अर्ज आत्ता करायचा की थांबायचं ते ठरवायचंय. आज मुलगी झोपल्यावर साडेनऊला अर्धा तास बसूया का? आज नको असेल तर उद्याची वेळ सांगा.’

‘घरी सगळे ठीक आहेत’ हे वाक्य किरकोळ वाटते, पण सर्वात मोठी भीती तेच काढून टाकते. ‘अर्धा तास’ म्हटल्याने रात्रभर वाद चालणार नाही हे कळते. शेवटच्या वाक्याने समोरच्याला वेळ बदलण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे मेसेज हुकूम न राहता विचारणा होते. ‘तुम्ही माझ्यापासून लपवलंत’ हे मात्र यात नाही. ते खरे असले तरी समोरासमोर बोलायचे आहे. मेसेजमध्ये लिहिले की वाद तिथेच सुरू होतो.

पाठवायचा कधी?

विषय कळल्यापासून बोलेपर्यंतचे अंतर जेवढे कमी तेवढे बरे. दुपारी पत्र मिळाले म्हणून दुपारीच मेसेज करण्याची गरज नाही. पाळी सुटताना, आठच्या सुमारास पाठवला तर साडेनऊपर्यंत दीड तास मिळतो. विचार करायला तो पुरेसा आहे आणि झुरत बसण्याइतका मोठा नाही. व्हॉइस मेसेज टाळावा. शेअर रिक्षात तो स्पीकरवर वाजू शकतो. फोन मुलीच्या हातात असण्याची शक्यता असेल तर स्क्रीनवर दिसणारी पहिली ओळ साधी ठेवावी.

समजा, उत्तर आले : ‘वाचलं. आज डोकं चालणार नाही. उद्या साडेनऊला बसू. पत्राचा फोटो पाठव.’ ही टाळाटाळ नव्हे. नवी वेळ दिली आहे आणि पंधरा दिवसांच्या मुदतीत एक दिवस गेल्याने नुकसान नाही. ‘बघू नंतर’ असे उत्तर आले आणि दुसरी वेळ दिलीच नाही, तर ती टाळाटाळ. तेव्हा एकदाच, शांतपणे, मुदतीची तारीख सांगून पुन्हा वेळ मागावी.

वेळ ठरली म्हणजे काम झाले का?

नाही. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर या अमेरिकी संशोधकांनी 124 नवविवाहित जोडप्यांना मतभेदाच्या विषयावर 15 मिनिटे बोलायला लावले. पहिल्या तीन मिनिटांतील सूर पाहून, पुढच्या सहा वर्षांत कोणत्या जोडप्यांचा घटस्फोट होईल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता आला, असा त्यांचा 1999 मधील निष्कर्ष. हा अभ्यास मेसेजचा नाही आणि जोडपीही अमेरिकेतील, म्हणून तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण सुरुवात महत्त्वाची, एवढे त्यातून घेता येते. साडेनऊला ‘तुम्हाला अक्कल आहे का?’ असे पहिलेच वाक्य आले, तर संध्याकाळचा मेसेज वाया गेला. ‘पत्र वाचून मी घाबरले. सही कधी केलीत, तिथून सांगा,’ अशी सुरुवात झाली तर माहिती बाहेर येते.

कुठे हा मार्ग वापरू नये?

मूल आजारी आहे किंवा आजच्या आज सही हवी आहे, अशा वेळी थेट फोन करावा. जिथे जोडीदाराची भीती वाटते, मारहाण किंवा धमकी होते, तिथे असा मेसेज पाठवूच नये. आगाऊ सूचना मिळाल्याने तो माणूस सावध होतो आणि धोका वाढतो. अशा स्थितीत आधी विश्वासातल्या व्यक्तीला कळवावे. महिलांसाठी 181 ही मदतवाहिनी आहे आणि तातडीच्या वेळी 112 वर पोलिसांची मदत मिळते.