इंग्रजी अर्जात ‘दाखला’ कसा लिहावा?

अर्ज किंवा अर्जी म्हणजे ॲप्लिकेशन, इतके सोपे. ‘दाखला’ मात्र कागदागणिक बदलतो. शाळा सोडल्याचा दाखला लिव्हिंग सर्टिफिकेट, तर उत्पन्नाचा दाखला इन्कम सर्टिफिकेट.

खरी चूक रहिवासी दाखल्यात होते. ग्रामपंचायतीचा हा दाखला म्हणजे रेसिडेन्स सर्टिफिकेट. फॉर्मवर डोमिसाइल मागितले असेल, तर महसूल खात्याचे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र लागते. पंचायतीचा कागद त्या जागी चालत नाही.

जातीचेही तसेच. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, तो कास्ट सर्टिफिकेट. व्हॅलिडिटी मात्र पडताळणी समिती देते.

म्हणून रकाना भरण्यापूर्वी कागदाचे शीर्षक आणि खालचा शिक्का दोन्ही वाचा.