पलटून ठेवलेला त्रिकोण

समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे दोन कोन सारखे असतात, हे प्रमेय आपल्याकडे नववीत भेटते. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशा ओळींनी ते वहीत उतरवल्याचे अनेकांना आठवत असेल. ∆ABC मध्ये AB = AC आहे. शिरोबिंदू A मधून कोनदुभाजक काढायचा. तो पायाला, म्हणजे BC ला, D मध्ये छेदतो. आता ∆ABD आणि ∆ACD शेजारी शेजारी पाहायचे. AB आणि AC पक्षानुसार सारख्या, A पाशी झालेले दोन कोन दुभाजकामुळे सारखे आणि AD ही भुजा दोघांत सामाईक. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन जुळला, की बाकोबा कसोटीने त्रिकोण एकरूप होतात. म्हणून ∠B = ∠C.

या सिद्धतेत चूक काढता येणार नाही. तरीही एक प्रश्न विचारायला हवा: कोनाला दुभाजक असतो, हे आपल्याला कसे कळले? शाळेच्या भूमितीत याचे उत्तर सोपे आहे. तिथे प्रत्येक कोनाला माप असते हे आधीच मान्य केलेले असते. 50 अंशांचा कोन असेल तर 25 अंशांवर किरण काढता येतो. पण इ. स. पूर्व 300 च्या सुमारास ‘एलिमेंट्स’ रचणाऱ्या युक्लिडने कोनमापक वापरायचा नाही असे ठरवले होते. त्याच्या हाती पट्टी, कंपास आणि आधी सिद्ध केलेली प्रमेये, एवढेच. कंपासने दुभाजक काढण्याची रीत तो पहिल्या पुस्तकाच्या नवव्या प्रमेयात देतो. ती रीत बरोबर का, याला आधार आठव्या प्रमेयाचा, म्हणजे बाबाबा कसोटीचा. आठवे उभे आहे सातव्यावर, आणि सातव्याच्या सिद्धतेत पाचवे वापरलेले आहे. पाचवे म्हणजेच आपले समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय! युक्लिडच्या मांडणीत दुभाजक काढून हे प्रमेय सिद्ध केले, तर जे सिद्ध करायचे तेच आपण आडवाटेने गृहीत धरलेले असते. दुभाजकाऐवजी मध्यगा काढून बाबाबा लावली तरीही तीच अडचण, कारण बाबाबा स्वतःच पाचव्यानंतर येते.

म्हणून युक्लिडने लांबचा रस्ता धरला. त्याने AB आणि AC पायाच्या खाली वाढवल्या, त्यांवर AF = AG असे दोन बिंदू घेतले आणि FC व GB जोडले. आधी ∆AFC व ∆AGB हे मोठे त्रिकोण बाकोबाने एकरूप ठरवले, मग पायाखालचे ∆BFC व ∆CGB हे छोटे, आणि शेवटी सारख्या कोनांतून सारखे कोन वजा करून ∠ABC = ∠ACB मिळवले. हाताशी फक्त बाकोबा असताना त्याने हे साधले, हे विसरू नये. पण आकृती पाहणाऱ्याची दमछाक होते, हेही खरे.

अलेक्झांड्रियाचा पॅपस हा युक्लिडनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी झाला. त्याची युक्ती पाचव्या शतकातील प्रोक्लसने आपल्या भाष्यात नोंदवून ठेवली आहे. पॅपसने नवी रेघ काढलीच नाही. त्याने एकाच त्रिकोणाला दोन त्रिकोण मानले: एकदा A, B, C असा वाचलेला आणि एकदा A, C, B असा. संगती अशी लावायची: A ला A, B ला C आणि C ला B. आता पहिल्या त्रिकोणातली AB दुसऱ्यातल्या AC शी जुळते, पहिल्यातली AC दुसऱ्यातल्या AB शी जुळते, आणि मधला कोन A तर तोच आहे. बाकोबाने ∆ABC ≅ ∆ACB. संगत कोन सारखे, म्हणून ∠B = ∠C. सिद्धता संपली.

पुठ्ठ्याचा समद्विभुज त्रिकोण कापा, वहीवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि मग तो पालथा करून त्याच आकृतीवर ठेवा. तो चपखल बसतो, आणि डावीकडचा कोन उजवीकडच्या जागी गेलेला दिसतो. पॅपसची सिद्धता हेच अक्षरांत सांगते. म्हणून अक्षरांचा क्रम इथे जिवाचा आहे. ∆ABC ≅ ∆ABC असे लिहिले तर विधान खरेच असते, पण त्यातून ∠B = ∠B एवढेच हाती लागते. पक्षाची गरज कुठे पडली, हेही तपासून पाहा. AB = 5 आणि AC = 7 असती, तर AB ची जोडी AC शी लावतानाच गाडी अडली असती.

आता व्यत्यास: दोन कोन सारखे असतील तर त्यांच्यासमोरच्या भुजा सारख्या. इथे ∠B = ∠C दिलेले आहे आणि AB = AC दाखवायचे आहे. विद्यार्थी हमखास मध्यगा काढतात. BC चा मध्य M घेतला, AM जोडली; BM = CM, AM सामाईक, ∠B = ∠C. तीन गोष्टी जुळल्या, म्हणून त्रिकोण एकरूप, असे लिहून ते मोकळे होतात. पण ∠B हा BM आणि AM यांच्यामधला कोन नाही. तो AM च्या समोर आहे. अशा तीन गोष्टींवरून एकरूपता ठरत नाही. खात्री हवी असेल तर 60 अंशांचा कोन काढा, त्याच्या एका भुजेवर शिरोबिंदूपासून 8 सेंमीवर खूण करा आणि त्या खुणेवर कंपास टेकवून 7 सेंमी त्रिज्येचा कंस मारा. तो दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो: शिरोबिंदूपासून 3 सेंमीवर आणि 5 सेंमीवर. म्हणजे 8, 7 आणि 60 अंश या तिन्ही गोष्टी सारख्या असूनही दोन वेगळे त्रिकोण तयार होतात.

मध्यगेऐवजी दुभाजक काढला तर कोकोबा कसोटीने काम होते. पण पॅपसचीच चाल इथे अधिक स्वच्छ आहे. पुन्हा ∆ABC आणि ∆ACB ही जोडी घ्या. ∠B जुळतो ∠C शी, BC जुळते CB शी, ∠C जुळतो ∠B शी. दोन कोन आणि त्यांच्यामधली भुजा जुळली, म्हणून कोबाको कसोटीने त्रिकोण एकरूप, आणि संगत भुजा AB = AC. पहिल्या प्रमेयात बाकोबा होती, व्यत्यासात कोबाको. बाकी सारे तेच.

उरतो एक बारीक मुद्दा. पुठ्ठा पालथा करताना आपण तो वहीच्या पानावरून उचलला. तो पानावरच सरकवला किंवा फिरवला असता, तर B हा C च्या आणि C हा B च्या जागी बसवून A जागच्या जागी ठेवता आला नसता. बाकोबा कसोटी मान्य करताना ती पालथ्या त्रिकोणांनाही लागू आहे, हे आपण नकळत मान्य करतो. 1899 मध्ये भूमितीची गृहीतके नव्याने मांडणाऱ्या जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी हा धागा पुढे एका स्वतंत्र निबंधात धरला. बाकोबा फक्त एकाच दिशेने वाचलेल्या, म्हणजे न पलटता जुळणाऱ्या त्रिकोणांपुरती मानली तर काय होईल, हे त्यांनी तपासले. तेवढ्यावर पायालगतच्या कोनांचे प्रमेय सिद्ध होत नाही. ते जिथे खोटे ठरते अशी एक भूमितीच त्यांनी रचून दाखवली.