तक्रार वर कधी न्यायची?

समजा, सांगलीच्या एका ग्राहकाने वाढत्या ऑनलाइन दुकानातून लॅपटॉप मागवला. खोका उघडून बटण दाबलं, तर पडदा काळाच. दुकानाच्या फोनवरची मुलगी म्हणाली, ‘कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून डीओए सर्टिफिकेट आणा.’ म्हणजे माल आला तेव्हाच बंद होता, असा दाखला. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, ‘विकणाऱ्याशी बोला.’ या फेऱ्यांत बदलून मिळण्याची सात दिवसांची मुदत संपली.

इथे त्या मुलीचा दोष नाही. पैसे परत करायचा अधिकार तिला नव्हता आणि तक्रार कोणाकडे, कधी द्यायची हे कोणी ठरवलं नव्हतं. दिवसाला वीस ऑर्डरी असताना मालक स्वतः फोन उचलतो. ऑर्डरी वाढल्या की हे ठरवावंच लागतं.

तीन पायऱ्या पुरतात. पहिल्या पायरीवर फोन घेणारे. त्यांना ठरावीक रकमेपर्यंत, समजा दोन हजारांपर्यंत, कोणाला न विचारता परतावा देता आला पाहिजे. चार्जर-केबलच्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. दुसऱ्या पायरीवर तांत्रिक माहिती असलेला, कंपनीशी स्वतः बोलणारा माणूस. तिसऱ्यावर तक्रार निवारण अधिकारी.

तक्रार वर जायला ग्राहकाने आवाज चढवावा लागू नये. २४ तासांत उत्तर नाही, त्याच ऑर्डरबद्दल दुसऱ्यांदा फोन आला किंवा रक्कम मर्यादेबाहेर आहे, तर ती आपोआप वर जावी. फुगलेली बॅटरी, धूर किंवा शॉक असेल तर पायऱ्या मोजत बसू नये. तक्रार त्याच क्षणी सर्वांत वर. ग्राहकाला वस्तू न वापरण्याचं, चार्जिंग बंद ठेवण्याचं सांगायचं आणि ती नेहमीच्या कुरियरने परत मागवायची नाही, कारण बिघडलेली लिथियम बॅटरी वाटेत पेट घेऊ शकते.

घड्याळ मात्र पहिल्या फोनपासून चालायला हवं. सांगलीच्या ग्राहकाने दुसऱ्या दिवशी कळवलं असेल, तर सात दिवसांची मुदत त्याच तारखेला थांबली पाहिजे. दाखला मिळवण्याची धावपळ दुसऱ्या पायरीवरच्या माणसाची, आणि तक्रार मिटेपर्यंत ग्राहकाला फोन करणाराही तोच.

ही व्यवस्था बिघडते ती आकड्यांच्या हव्यासाने. ‘आज किती तक्रारी बंद केल्या’ असं विचारलं की माणसं न सुटलेल्या तक्रारीही बंद करतात. म्हणून एकाच ऑर्डर क्रमांकावर पुन्हा उघडलेल्या तक्रारी दर आठवड्याला मोजाव्यात. त्या वाढत असतील, तर पहिल्या पायरीवर अधिकार कमी आहेत किंवा खोटं ‘सुटली’ लिहिलं जातं आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही, तर ग्राहकांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.