‘ईटेड’ लिहिणारी मुलगी आणि चार पर्याय

सीटीईटीच्या प्रश्नपत्रिकेत भाषेच्या प्रत्येक विभागाला 30 प्रश्न असतात. त्यातले 15 उताऱ्यांवर आणि उरलेले 15 भाषा कशी शिकवावी यावर. इंग्रजी घेतलेल्या उमेदवाराचं स्वतःचं इंग्रजी कितीही चांगलं असलं, तरी या दुसऱ्या पंधरांत ते फार उपयोगी पडत नाही. बरोबर वाक्य कोणतं, हे तिथं कुणी विचारत नाही. मुलानं चुकीचं वाक्य का लिहिलं असावं आणि आता शिक्षकानं काय करावं, असा तो प्रश्न असतो.

मराठी माध्यमाच्या चौथीतल्या एका मुलीनं इंग्रजीत चार वाक्यं लिहिली आहेत, असं समजा. ‘यस्टरडे आजी केम. शी टोल्ड टू मी स्टोरी. आय ईटेड टू लाडूज. माय ब्रदर कॅच्ड बिग फ्रॉग.’ लाल पेन घेतलं तर चार ओळींत चार-पाच गोल सहज होतील. चूक-विश्लेषण करणारा शिक्षक आधी त्या गोलांची वर्गवारी करतो.

‘ईटेड’ आणि ‘कॅच्ड’ या दोन चुका एका घरातल्या. ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं, ‘जम्प’चं ‘जम्प्ड’ होतं, हे मुलीच्या लक्षात आलं आणि तो नियम तिनं जिथं चालत नाही तिथंही लावला. ‘ईटेड’ हे रूप तिला कुणी शिकवलेलं नाही, पुस्तकातही ते नाही. तिनं ते स्वतः घडवलं. परीक्षेच्या भाषेत याला अतिसामान्यीकरण म्हणतात. त्याचा मातृभाषेशी संबंध नाही. इंग्रजी ही पहिली भाषा असलेली लहान मुलंही असंच बोलतात. मग ‘केम’ बरोबर कसं आलं? बहुधा तो शब्द तिनं अख्खा ऐकून उचलला आहे. गंमत अशी की महिन्याभरानं हीच मुलगी ‘कम्ड’ लिहू शकते, आणि ती घसरण नसते. तोपर्यंत नियम पक्का झालेला असतो आणि अपवाद अजून वेगळे पडलेले नसतात. एखाद्या प्रश्नात आधी बरोबर लिहिणारं मूल आता चुकू लागलं आहे असं दिलं असेल, तर ‘मूल विसरलं’ हा पर्याय तपासूनच घ्यावा.

‘टोल्ड टू मी’ची गोष्ट निराळी. ‘तिनं मला सांगितलं’ यातल्या ‘मला’साठी मुलीनं ‘टू मी’ लिहिलं. तसंच ‘स्टोरी’ आणि ‘बिग फ्रॉग’ यांच्याआधी ‘अ’ नाही, कारण मराठीत नामाआधी असा शब्द सक्तीनं लावावा लागत नाही. हा मातृभाषेचा प्रभाव. रॉबर्ट लॅडो यांनी 1957 मध्ये दोन भाषांची तुलना करून अडचणी आधीच हेरता येतील असं मांडलं, ते अशा चुकांना लागू पडतं. ‘ईटेड’पुढे मात्र ते तोकडं पडतं. एस. पी. कॉर्डर यांनी 1967 च्या लेखात दिशा बदलली. शिकणाऱ्याच्या चुका त्याच्या मनात आज कोणती नियमव्यवस्था आहे हे दाखवतात, असं त्यांचं म्हणणं. या मधल्या, बदलत्या व्यवस्थेला लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये ‘इंटरलँग्वेज’ म्हटलं. नावं आणि साल पाठ करायची तर एवढी पुरेत.

कॉर्डर यांचा आणखी एक भेद प्रश्नांत फार कामाला येतो: एरर आणि मिस्टेक. नियम माहीत आहे, पण घाईत हात घसरला, ती मिस्टेक. नियमच अजून तयार झालेला नाही, ती एरर. ओळखायची रीत साधी आहे. मुलीला तिचं लिखाण परत वाचायला द्या. तिनं स्वतः दुरुस्त केलं तर मिस्टेक. तिला ‘ईटेड’मध्ये काहीच खटकलं नाही, आणि दुसऱ्या लिखाणातही तेच रूप दिसलं, तर एरर. परीक्षेत मूल समोर नसतं, म्हणून ही खूण प्रश्नाच्या शब्दांत शोधावी लागते. ‘वारंवार’, ‘नेहमी’, ‘वर्गातली बरीच मुलं’ असे शब्द एररकडे बोट दाखवतात.

आता पर्याय. ‘मुलीकडून बरोबर रूप दहा वेळा लिहून घ्यावं’ हे बाद होतं, कारण त्यानं एक शब्द सुधारेल आणि ‘रन्ड’ तसाच राहील. ‘प्रत्येक चूक तत्काळ दुरुस्त करावी’ हेही बाद. इथवर सगळे येतात. मग चांगुलपणाचा पर्याय निवडायची सवय लागते आणि ‘चुकांकडे दुर्लक्ष करावं, त्या आपोआप जातील’ यावर गोल पडतो. तोही चूक. उरतो तो पर्याय असा: चुकांचा नमुना पाहून त्यावर पुढचा पाठ बेतावा. म्हणजे ‘एट’, ‘कॉट’, ‘रॅन’ पुन्हा पुन्हा येतील अशी गोष्ट सांगावी आणि मुलीला ती परत सांगायला लावावी.

या पद्धतीची एक मर्यादाही ठाऊक असावी. जॅकलिन शॅक्टर यांनी 1974 मध्ये दाखवलं की काही चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या लेखनात संबंधदर्शक उपवाक्यांच्या चुका कमी होत्या, कारण ते तशी वाक्यं मुळात टाळतच होते. वहीत चूक नाही म्हणजे ती गोष्ट आली, असं धरता येत नाही.

वाचनाच्या प्रश्नांत हाच विचार चालतो, फक्त चूक कागदावरून तोंडात येते. केनेथ गुडमन यांनी मोठ्यानं वाचताना होणाऱ्या अशा फरकांना ‘मिसक्यू’ म्हटलं. पुस्तकात वाक्य आहे, ‘द बॉय रॅन टू हिज हाउस.’ एक मुलगा ‘हाउस’च्या जागी ‘होम’ वाचतो. अर्थ जागेवर आहे, म्हणजे तो समजून वाचतो आहे. त्याला मध्येच थांबवू नये. दुसरा ‘हॉर्स’ वाचतो आणि तसाच पुढे जातो. त्यानं अक्षरांचा माग काढला, पण अर्थाकडे पाहिलं नाही. वाक्य संपू द्यावं आणि विचारावं, ‘मुलगा घोड्याकडे पळाला का? चित्रात काय आहे?’ तिसरा ‘एच, ओ, यू, एस, ई’ असं म्हणतो आणि गप्प बसतो.

या तिसऱ्या मुलाची अडचण मराठी शाळेत नीट समजून घ्यायला हवी. मराठीत ‘क’ या अक्षराचं नाव आणि उच्चार जवळजवळ एकच, त्यामुळे अक्षरं ओळखली की शब्द जुळू लागतो. इंग्रजीत ‘सी, ए, टी’ कितीही भरभर म्हटलं तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही, आणि तोच ‘सी’ ‘सिटी’त ‘स’ होतो. नावांऐवजी ध्वनी शिकवणारी फोनिक्सची पद्धत इथं लागते. पण ‘सेड’ किंवा ‘वन’सारखे शब्द ध्वनींतून नीट सुटत नाहीत, ते ‘पाहा आणि म्हणा’ पद्धतीनं अख्खेच ओळखायला शिकवावे लागतात.

अक्षराकडून अर्थाकडे जाणारं वाचन तळातून वर, आणि संदर्भावरून अंदाज बांधत उतरणारं वाचन वरून खाली. अंदाजाला गुडमन यांनी दिलेलं वजन पुढच्या संशोधनात कमी झालं. सराईत वाचक बहुतेक शब्द प्रत्यक्ष पाहतो, हे डोळ्यांच्या हालचालींच्या अभ्यासांतून दिसलं. म्हणून ‘वाचन शिकवण्याची सर्वोत्तम पद्धत कोणती’ असा उघडा प्रश्न आला, तर दोन्हींचा मेळ घालणारा पर्याय घ्यावा. प्रश्नात मूल दिलेलं असेल, तर ते कुठे अडलं आहे ते पाहावं: नवा शब्द उच्चारता येत नसेल तर फोनिक्स, आणि घडाघडा वाचून गोष्ट सांगता येत नसेल तर वाचनाआधी अंदाज बांधायला लावणं, मध्ये थांबून प्रश्न विचारणं. या दुसऱ्या मुलाला आणखी मोठ्यानं वाचायला लावणारा पर्याय चारांत हमखास ठेवलेला असतो.