१९०० सालच्या काळबादेवीत डिश अँटेना कुठून आला?

‘जुन्या मुंबईतला रस्ता, घोड्यांची ट्राम’ एवढाच प्रॉम्प्ट व्हिडिओ बनवणाऱ्या एआय मॉडेलला दिला, तर ट्राम बहुधा येते. पण मागच्या गॅलऱ्यांतून केबलची भेंडोळी आणि डिश अँटेनाही डोकावतात. ‘जुनी मुंबई’ या शब्दांशी मॉडेलच्या लेखी आज जीर्ण झालेल्या इमारतींचे फोटोही जोडलेले असतात.

म्हणून आधी साल पक्कं करावं. समजा, १९०० सालची काळबादेवी हवी आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये. म्हणजे ट्रामच्या डोक्यावरची तार इथे चूक. पण दिसली तार की चूक, असंही नाही, कारण शहरात टेलिफोन १८८२ मध्येच आला होता.

मग पुष्कळ जण लिहितात, ‘तारा नकोत, पाट्या नकोत’. इथेच फसगत होते. मॉडेल चित्रांच्या वर्णनांवरून शिकतं आणि वर्णनात चित्रात काय आहे ते असतं. काय नाही, ते क्वचितच. त्यामुळे ‘नकोत’ हवेत विरतं आणि ‘तारा’ तेवढ्या चित्रात उतरतात. काही मॉडेल्समध्ये नको त्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. तिथेही ‘नको’ न लिहिता नुसती नावं द्यायची असतात: विजेच्या तारा, मोटारसायकल, प्लास्टिक.

मुख्य प्रॉम्प्टमध्ये मात्र चुकीच्या वस्तूची जागा त्या काळच्या वस्तूने भरून टाकावी. उदाहरणार्थ: ‘१९०० सालची मुंबई, सकाळ. खडीचा धुळकट रस्ता, त्यात ट्रामचे रूळ. लाकडी गॅलऱ्यांच्या तीन मजली इमारती, कोपऱ्यावर लोखंडी खांबावर गॅसचा दिवा. दोन घोड्यांची उघडी ट्राम. सुती धोतर, लांब अंगरखा आणि पगडी घातलेले पुरुष, सुती नऊवारीतल्या बायका.’ ‘पारंपरिक पोशाख’ लिहिलं तर लग्नातले चकचकीत फेटे येण्याची भीती असते. कापड, रंग आणि नेसण्याची पद्धत सांगितलेली बरी. रंगाचाही उल्लेख हवा, नाहीतर जुन्या फोटोंच्या प्रभावाने सगळं पिवळट होतं.

खरी परीक्षा कॅमेरा हलतो तेव्हा. तो वळला की चौकटीत नवा भाग येतो, प्रॉम्प्टने त्याबद्दल काही सांगितलेलं नसतं आणि मॉडेल तिथे सवयीचं, म्हणजे आजचं, शहर भरतं. त्यावर चांगला उपाय म्हणजे आधी एक स्थिर चित्र बनवायचं, ते तपासून दुरुस्त करायचं आणि तेच पहिली फ्रेम म्हणून द्यायचं. कॅमेरा स्थिर, माणसाच्या उंचीवर ठेवावा आणि शॉट काही सेकंदांचाच घ्यावा. तपासताना शेवटची फ्रेम थांबवून कडा, छपरं, मागच्या माणसांची मनगटं आणि पावलं पाहावीत. घड्याळं आणि स्पोर्ट्स शूज तिथेच लपतात.

दुकानांच्या पाट्यांवरची देवनागरी किंवा गुजराती अक्षरं मॉडेल अजून बरेचदा वेडीवाकडी काढतं. फळ्या कोऱ्या मागून नावं नंतर एडिटिंगमध्ये बसवणं जास्त भरवशाचं.